हृदयाला छिद्र असलेल्या बाळाचं वजन: दूध दाट कसं करायचं आणि काट्यावरचा आकडा कसा वाचायचा

हा लेख एका ठरावीक परिस्थितीतल्या आईबापांसाठी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे. इकोमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र दिसलं आहे. औषध सुरू झालंय, ऑपरेशनची तारीख पुढे आहे आणि वजन मात्र हलत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मुंबई-नाशिकला तपासणीसाठी जाणाऱ्यांना तिथे पाच मिनिटांत 'दूध फोर्टिफाय करा, दर आठवड्याला वजन कळवा' एवढं सांगितलं जातं. घरी आल्यावर ते नेमकं कसं करायचं, ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. मुलीसाठी हे सगळं आहारतज्ज्ञांच्या हाताखाली केलं. इथले आकडे आमच्या मुलीचे आहेत. पद्धत घ्या, आकडे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

१. पोटभर पिऊनही वजन का वाढत नाही, ते आधी समजून घ्या

जन्मानंतर पहिले काही आठवडे ही बाळं बरी दिसतात. मग फुप्फुसांतला दाब नैसर्गिकरीत्या उतरतो आणि छिद्रातून जास्तीचं रक्त फुप्फुसांकडे वाहू लागतं. हृदयाला तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं, श्वास जलद होतो आणि या धावपळीतच बाळाची बरीच ताकद खर्च होते. म्हणून साधारण दुसऱ्या महिन्यापासून पिताना कपाळावर घाम येणं, दोन-चार घोट घेऊन थांबणं, थकून झोपणं आणि अर्ध्या तासात पुन्हा भुकेनं रडणं असा क्रम सुरू होतो.

याचा अर्थ असा की निरोगी बाळापेक्षा या बाळाला जास्त कॅलरी लागतात, पण तेवढं दूध ओढायची ताकद त्याच्यात नसते. शिवाय फुप्फुसांत पाणी साठू नये म्हणून डॉक्टर दिवसभराच्या दुधावर मर्यादा घालतात. जास्त पाजणं हा मार्ग बंदच असतो. उरतो एकच मार्ग: तेवढ्याच दुधात जास्त कॅलरी घालायच्या.

आईचं दूध 'अंगी लागत नाही' असं शेजारीपाजारी म्हणतील. दुधात काही खोट नसते, त्यामुळे ते बंद करून गाईचं किंवा शेळीचं दूध सुरू करू नका. आमच्याकडे ही सूचना रोज कुणीतरी द्यायचं.

२. सामान आणि कागद गोळा करा

- बाळाचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, निदान १० ग्रॅमचा फरक दाखवणारा
- २ मिली आणि १० मिलीच्या सुया नसलेल्या सिरिंजा
- मिलीच्या खुणा असलेलं भांडं, स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडलं
- डॉक्टरांनी लिहून दिलेली दुधाची पावडर, तिच्याच डब्यातल्या चमच्यासह
- सांगितलं असेल तरच कॅलरी वाढवायला दुधात घालायचं एमसीटी तेल (हे मोठ्या शहरातल्या औषधाच्या दुकानात मिळतं, तालुक्याला आधी फोन करून मागवावं लागतं)
- एक वही
- माता व बाल संरक्षण कार्ड, इकोचा रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी, जन्मदाखला, रेशनकार्ड, आधार

बोंडलं वापरणार असाल तर त्याची चोच आतून नीट दिसत नाही आणि तिथे दूध सुकून बसतं. प्रत्येक वेळी ब्रशने घासून मग उकळा. मला स्वतःला वाटी-चमचा जास्त भरवशाचा वाटला.

३. डॉक्टरांकडून तीन आकडे लिहून घ्या

दवाखान्यातून निघण्याआधी हे तीन आकडे फाइलवर लिहून मागा. तोंडी ऐकलेलं चाळीसगाव येईपर्यंत विसरायला होतं.

पहिला, दिवसभरात जास्तीत जास्त किती मिली दूध द्यायचं. दुसरा, दिवसाला किलोमागे किती कॅलरी गाठायच्या. अशा बाळांसाठी हा आकडा बहुधा १२० ते १५० च्या दरम्यान असतो. तिसरा, झोपेत श्वास मिनिटाला किती असला तर या बाळासाठी चालेल आणि किती झाला की फोन करायचा.

४. दुधाचा हिशेब मांडा

मुलगी तीन महिन्यांची असताना तिचं वजन ४ किलो होतं. या वयाच्या मुलींचं मधलं वजन ५.८ किलोच्या आसपास असतं, म्हणजे ती तक्त्यातल्या अगदी खालच्या रेषेवर होती. दुधाची मर्यादा मिळाली ५६० मिली, म्हणजे तीन-तीन तासांनी ७० मिली, आठ वेळा. कॅलरीचं लक्ष्य होतं किलोमागे १४०, म्हणजे दिवसाला ५६०.

आईच्या १०० मिली दुधात सुमारे ६७ कॅलरी असतात. ५६० मिली नुसतं दूध दिलं तर ३७५ कॅलरी होतात, किलोमागे ९४. इथेच सगळं कळतं: सांगितलेलं सगळं दूध संपवूनही ती रोज १८५ कॅलरींनी उपाशी राहत होती.

आहारतज्ज्ञांनी ही भर तीन पायऱ्यांत घातली.

पहिली पायरी: काढलेल्या १०० मिली दुधात पावडरचा एक सपाट चमचा. आमच्या डब्यातला चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा होता, त्यातून २२ कॅलरी मिळतात. आता ५६० मिलीत जवळपास ४८० कॅलरी झाल्या, किलोमागे १२०.

दुसरी पायरी: दर १०० मिलीला १ मिली एमसीटी तेल. हे तेल पचायला हलकं असतं आणि १ मिलीत पावणेआठ कॅलरी देतं. किलोमागे १३० झालं.

तिसरी पायरी: तेल १०० मिलीला २ मिली. आता १ मिली दुधात जवळपास १ कॅलरी बसली आणि लक्ष्य गाठलं.

एका पायरीवर निदान दोन-तीन दिवस थांबायचं. पोट फुगलं, पातळ शी वाढली किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना कळवून एक पायरी मागे यायचं. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली तर जुलाब होतात आणि आठवड्याची कमाई दोन दिवसांत वाहून जाते.

यात एक मोठा धोका आहे, तो नीट वाचा. डब्यावर ३० मिली पाण्याला एक चमचा लिहिलेलं असतं. ते पावडरपासून पूर्ण दूध बनवण्याचं प्रमाण आहे, आईच्या दुधात भर घालण्याचं नाही. दोन्हींची गल्लत करून कुणी ३० मिली आईच्या दुधात चमचा घातला तर दूध फार दाट होतं, क्षार वाढतात आणि त्या कोवळ्या किडन्यांवर ताण येतो. लघवीचं औषध चालू असेल तर बाळाच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होऊ शकतं. 'थोडं जास्त घातलं तर लवकर भरेल' हा विचार या कामात चालत नाही.

साखर, साबुदाण्याची खीर, नाचणीसत्त्व, तूप यांतलं काहीही दुधात घालू नका. तूप तर गार होताच भांड्याला, आणि नाकातून दूध द्यायची नळी असेल तर तिलाही, चिकटतं.

५. दूध तयार करा

अडचण अशी की चमचा १०० मिलीसाठी आणि पाजायचं ७० मिली. अर्धा-पाऊण चमचा अंदाजाने घेतला की रोजचं प्रमाण बदलतं. आम्हाला सोपं गणित सापडलं: २०० मिली दुधात दोन सपाट चमचे घातले की साधारण २०६ मिली होतं, आणि तेल धरून बरोबर तीन वेळचं भागतं. तेल मात्र एकदम घालायचं नाही. ते वर तरंगतं आणि पहिल्या बाळवाटीत जास्त, शेवटच्या वाटीत कमी असं होतं. प्रत्येक वेळी पाजण्याआधी लहान सिरिंजने मोजून घालायचं: दुसऱ्या पायरीवर ०.७ मिली, तिसऱ्या पायरीवर १.४ मिली. चमच्याने ढवळून लगेच पाजायचं. तेल नुसतं तोंडात घालायचं नाही. ठसका लागून ते फुप्फुसांत गेलं तर न्यूमोनिया होतो.

पावडर घेताना चमचा दाबून भरू नका. भरल्यावर स्वच्छ सुरीच्या पाठीने वरचा ढीग सरकवा. हात साबणाने धुऊनच डब्याला लावा, कारण पावडर निर्जंतुक नसते.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पावडर घातलेलं दूध अशा खोलीत ठेवायचंच नाही. फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं, दारात नाही, आणि त्या दिवशीचं त्या दिवशी संपवायचं. वीज गेली तर बर्फ घातलेला थर्मास हाताशी असू द्या. फ्रीज नसेल तर प्रत्येक वेळी ताजं बनवा. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतला तर ७० मिलीला ३ ग्रॅम पावडर मोजता येते. पिऊन उरलेलं दूध तासाभराने टाकून द्यायचं. हाताने काढलेलं दूध टाकताना जीव तुटतो, पण टाकायचं.

गार दूध कोमट करायला वाटी गरम पाण्यात ठेवा. गॅसवर उकळू नका.

एक फुकटचा उपाय आधी करून बघण्यासारखा आहे. दूध काढताना सुरुवातीचं पातळ दूध वेगळ्या वाटीत घ्या आणि नंतरचं वेगळं. नंतरच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. दूध भरपूर येत असेल तर बाळाला हेच आधी द्या.

६. पाजायची वेळ अर्ध्या तासात संपवा

तासभर पाजत बसलं तर बाळ जेवढं पितं त्यातलं बरंचसं पिण्याच्या श्रमातच जातं. वीस ते तीस मिनिटांत जेवढं गेलं तेवढं. डोकं आणि पाठ उंच धरा, मध्ये दोनदा थांबून ढेकर काढा. कपाळ ओलं झालं, नाकपुड्या फुलू लागल्या की थांबा.

सलग दोन दिवस ठरलेल्या दुधाच्या पाऊणपेक्षा कमी जात असेल तर नाकातून नळीचा विषय डॉक्टर काढतील. नळी म्हटलं की घरात रडारड होते. आमच्याकडेही झाली. पण तोंडाने चाळीस मिली आणि उरलेलं तीस नळीने, असं केलं की बाळ थकत नाही आणि हिशेब पूर्ण होतो. नळी नेमकी पोटात आहे हे प्रत्येक वेळी कसं तपासायचं, ते नर्सकडून स्वतःच्या हाताने करून शिकल्याशिवाय घरी येऊ नका.

अंगावर पाजणं पूर्ण बंद करायची गरज नसते. दिवसातून एक-दोनदा थोडा वेळ घ्या, पण ते किती मोजायचं हे आहारतज्ज्ञांना विचारा.

आजीचं म्हणणं ठरलेलं असतं: "माय, कितलं ऊन से, पोऱ्याले पानी पाज." पाण्याने पोट भरतं, कॅलरी शून्य. बाळघुटी आणि ग्राइप वॉटरचंही तेच, आणि घुटीतला मध तर वर्षाच्या आत धोक्याचा. मात्र दाट दूध, लघवीचं औषध आणि मे महिना असं एकत्र आलं असेल तर दिवसातल्या ओल्या लंगोटांची संख्या मोजत राहा. सहापेक्षा कमी झाली, टाळू खोल गेली की स्वतः पाणी न पाजता डॉक्टरांना फोन करा. मर्यादा किती वाढवायची ते तेच ठरवतील.

७. वजन करा, आणि वाढ कुठली व पाणी कुठलं ते ओळखा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुकतं ते इथे.

अंगणवाडीतला टांगता काटा महिन्याच्या वजनासाठी ठीक आहे, पण अशा काट्यावर बहुधा १०० ग्रॅमच्या खुणा असतात. आपल्याला शोधायची आहे दिवसाला वीस ग्रॅमची वाढ. म्हणून घरचा किंवा एकाच दवाखान्यातला एकच काटा ठरवा. आज सरकारी दवाखान्यात, पुढच्या आठवड्यात मेडिकलवर, असं केलं तर दोन काट्यांतला फरकच वाढ म्हणून दिसेल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पहिल्या दुधाआधी, लंगोटसुद्धा काढून वजन करा. नळी असेल तर तशी नोंद करा. रोज वजन केलं तर पोटातलं ७० मिली दूध आणि शू-शी यांनीच आकडा वरखाली होतो आणि घरच्यांचा मूडही. डॉक्टरांनी पाणी साठतंय का हे बघायला रोज करायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग या आठवड्याच्या वजनातून मागच्या आठवड्याचं वजा करून सातने भागा. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढतं, पुढच्या तीन महिन्यांत १५ ते २०. आपल्या बाळाला २० च्या आसपास मिळालं तर योजना चालतेय. दहाच्या खाली राहिलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता कळवायचं.

आमच्या वहीतले आठवडे असे होते. नुसत्या दुधावर ४.००० चं ४.०५० झालं, दिवसाला ७ ग्रॅम. पावडर आणि थोडं तेल सुरू झाल्यावर ४.१९०, म्हणजे दिवसाला २०. त्यानंतरच्या आठवड्यात ४.५४०. साडेतीनशे ग्रॅम! दिवसाला ५०. घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली. पण सकाळी पापण्या सुजलेल्या दिसत होत्या, झोपेतला श्वास आदल्या आठवड्यात ५२ होता तो ६८ वर गेला होता आणि ती नेहमीपेक्षा कमी पीत होती. कमी पिणारं बाळ एवढं वाढेल कसं? ते पाणी होतं. डॉक्टरांनी लघवीचं औषध वाढवलं आणि दोन दिवसांत वजन ४.३२० वर आलं. सासूबाईंना वाटलं औषधाने पोर वाळली. पण ४.१९० पासून नऊ दिवसांत १३० ग्रॅम, म्हणजे दिवसाला १४ ही खरी वाढ त्या फुगवट्याखाली होतीच.

म्हणून वहीत वजनाशेजारी आणखी चार रकाने ठेवा: झोपेत पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास, दिवसभरात गेलेलं दूध, ओले लंगोट आणि पापण्यांची किंवा पायांची सूज. वजन एकदम उसळलं आणि श्वासही वाढला तर ते पाणी समजून त्याच दिवशी फोन करायचा. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन उतरलं तर तेही पाणीच. तिथून पुढे नवा हिशेब धरायचा.

महिन्यातून एकदा लांबी आणि डोक्याचा घेर आशाताई किंवा नर्सकडून मोजून कार्डावर लिहून घ्या. उपासमारीत आधी वजन अडतं, मग लांबी, आणि डोकं सगळ्यात शेवटी. डोक्याची रेषा सपाट होऊ लागली तर प्रकरण बरंच पुढे गेलंय असं समजा. कार्डावर मुलीचा तक्ता वेगळा आणि मुलाचा वेगळा असतो, हे घाईत बघायचं राहून जातं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करूनच ठिपका टाका.

८. सहा महिन्यांनंतर: वरणाचं पाणी नको

ऑपरेशन तोपर्यंत झालं नसेल तर उष्टावणानंतरही तोच नियम: लहान घासात जास्त कॅलरी. वरणाच्या पाण्यात आणि पेजेत पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. मूगडाळीची खिचडी चमचा तिरका केला तरी पडणार नाही इतकी घट्ट करून त्यात चमचाभर तूप घाला. ५ मिली तुपातून ४० कॅलरी मिळतात. दादरच्या पिठाची घट्ट लापशी तूप घालून चालते. कुस्करलेलं केळं तर आपल्याकडे बारा महिने मिळतं. दाण्याचं अगदी बारीक कूट लापशीत शिजवून आधी चिमूटभर देऊन बघा; अख्खा दाणा कधीच नाही. मीठ घालू नका, पापड-लोणच्याचं बोट चाटवणं या बाळासाठी गंमत नाही.

९. केव्हा थांबायचं नाही

श्वास ठरवून दिलेल्या आकड्यापुढे गेला, छाती आत ओढली जातेय, ओठ निळसर झाले, सलग दोन वेळचं दूध नाकारलं, बाळ सुस्त पडलं किंवा ताप आला, तर वही आणि फाइल घेऊन जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे निघा. अशा वेळी थेट मुंबईची गाडी पकडू नका. आधी ऑक्सिजन आणि इंजेक्शन मिळेल तिथे जा.

शेवटचा सापळा ऑपरेशनचा. 'आधी पाच किलो होऊ द्या' असं अजूनही ऐकायला मिळतं. मोठं छिद्र, औषधं पूर्ण डोसमध्ये, दूध हिशेबाने दाट केलेलं आणि तरीही दोन-तीन आठवडे वाढ दहा ग्रॅमच्या खाली, तर हेच ऑपरेशन लवकर करण्याचं कारण असतं. तेव्हा वही हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवा आणि सरळ विचारा की अजून कशासाठी थांबायचं. फार उशीर झाला तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि छिद्र बंद करण्याची वेळच निघून जाते. खर्चाची अडचण असेल तर आशाताईंमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं आधीच तयार ठेवा. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्तीला टाका, कारण तारीख मिळाल्यावर याच्यासाठी फेऱ्या मारायला वेळ नसतो.

ऑपरेशननंतर बाळ आपणहून भराभर पिऊ लागलं तरी पावडर आणि तेल स्वतःच्या मनाने बंद करू नका. तेही पायरीपायरीने, दर आठवड्याचं वजन बघतच काढायचं असतं.